गणिताने आलेली फ्रिक्वेन्सी

आमच्या टेस्ट शीटवर चौदा रकाने असतात. सातवा 'गणिताने आलेली फ्रिक्वेन्सी', आठवा 'मशिनवर मिळालेली फ्रिक्वेन्सी'. सातवा आधी भरायचा, मग मशिन चालू करायचं, मग आठवा. नियम असा आहे. आणि अकरा वर्षं मी आठवा आधी भरत आलो आणि तोच आकडा मागे सातव्यात उतरवत आलो. मी एकटा नाही, आमच्याकडे सगळेच तसं करतात. पण सगळ्यांचं मला काय करायचंय? ज्या शीटवर माणूस गेला तिच्यावर सही माझी आहे. आणि गेला तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

त्याला आमच्या खात्यात सगळे डॉक्टर म्हणायचे. तो जॉइंटर होता, म्हणजे जमिनीखालची केबल तुटली की खड्ड्यात बसून तिची दोन टोकं जोडणारा. चाकू, ब्रश, कापड, बाटल्या सगळं पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडून बसायचा. कुणी खड्ड्याच्या काठावरून माती पाडली की असा काही बघायचा की पुढचा चार पावलं मागे जायचा. आई-वडील लवकर गेले, त्याला माझ्या बायकोने वाढवला. लग्न केलं नाही त्याने. दोन गल्ल्या सोडून राहायचा आणि रोज संध्याकाळी जेवायला आमच्याकडे. माझी बायको त्याच्या ताटात आधी वाढायची, मी काही बोललो की म्हणायची, तुम्ही घरचे आहात, थांबा जरा. आणि तो घरचा नव्हता की काय! पण माझंही त्याच्यावाचून पान हलत नव्हतं, ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

आता काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

तेहतीस हजार व्होल्टची एक केबल आमच्या सबस्टेशनमधून निघून चार किलोमीटरवरच्या स्विच रूममध्ये जाते. तिथून एका स्विचमधून पुढे ती पाण्याच्या पंपांकडे जाते. सबस्टेशन ते स्विच रूम या चार किलोमीटरच्या पट्ट्यात एका फेजचा, म्हणजे तीन तारांपैकी एकीचा, जॉइंट जळाला होता, तो डॉक्टरने आदल्या दिवशी नवा बांधून दिला. त्याची टेस्ट मला करायची होती. स्विच रूमच्या पुढे एक किलोमीटर दोनशे मीटरवर दुसरं काम निघालं होतं, तिथे केबल कापून खड्ड्यात डॉक्टर बसला होता. मधला स्विच उघडा असला की माझी केबल वेगळी, त्याची वेगळी. मी माझ्या चार किलोमीटरवर कितीही व्होल्टेज चढवलं तरी त्याच्या खड्ड्यात त्याची धग पोचायचं कारण नाही.

स्विच रूमच्या ऑपरेटरने हँडल फिरवून स्विच उघडला. पॅनेलवरचा काटा 'उघडा' दाखवू लागला. त्याने कंट्रोल रूमला कळवलं, कंट्रोल रूमने मला आणि डॉक्टरला. स्विचला तीन फेजची तीन पाती असतात. तिसऱ्या पात्याची पिन आत तुटलेली होती. दोन पाती उघडली, तिसरं, नेमकं मी टेस्ट करणार होतो त्याच फेजचं, जागच्या जागी मिटलेलं राहिलं. काटा हँडलला जोडलेला, पात्याला नाही. हँडल फिरलं, काटा फिरला. ऑपरेटरची बिचाऱ्याची काही चूक नाही, त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

म्हणजे त्या एका फेजपुरती माझी केबल चार किलोमीटरची नव्हतीच. ती पाच किलोमीटर दोनशे मीटरची होती आणि तिचं उघडं टोक डॉक्टरच्या पुढ्यात होतं.

हे कुणाला दिसत नव्हतं, बरोबर. पण माझ्या मशिनला दिसत होतं. इथेच तर सगळं घोडं पेंड खातं.

आमचं मशिन कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटर, चार्ज साठवून ठेवणारी वस्तू. तिच्यावर अडतीस हजार व्होल्ट थेट चढवायचे तर ट्रकभर मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल. म्हणून आम्ही तिच्यासोबत एका ओळीत, सिरीजमध्ये, एक भलीमोठी कॉइल लावतो. तिला रिअॅक्टर म्हणतात, आमचा सोळा हेन्रीचा आहे. एसी करंटला कॉइल एका बाजूने अडवते आणि केबल बरोबर उलट्या बाजूने. फ्रिक्वेन्सी वाढवली की कॉइलचा अडथळा वाढतो, केबलचा घटतो. कुठल्या तरी एका फ्रिक्वेन्सीला दोघांचे अडथळे सारखे होतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. मग उरतो तो फक्त तारांचा साधा रेझिस्टन्स, आमच्या संचात ऐंशी ओहमच्या आसपास. हा रेझोनन्स. तेव्हा थोड्याशा व्होल्टेजवर भरपूर करंट वाहतो आणि केबलवर त्याच्या चाळीस-पन्नास पट व्होल्टेज उभं राहतं. झोपाळ्याला योग्य वेळी बोट लावत राहावं आणि तो छताला भिडावा, तसं.

ती फ्रिक्वेन्सी कितीवर येणार हे कॉइल आणि केबल या दोघांवरच ठरतं. कॉइल तीच, मग केबलवर. केबल जितकी लांब तितका कपॅसिटन्स जास्त आणि तितकी फ्रिक्वेन्सी खाली. म्हणून तर नियमात सातवा रकाना आधी आहे. आधी कागदावर काढा की एवढ्या लांबीच्या केबलला किती यायला हवी, मग मशिनवर बघा किती येते. पाच टक्क्यांहून जास्त फरक आला तर व्होल्टेज चढवायचं नाही, थांबायचं, सगळ्यांना फोन करायचे. कारण फरक याचा अर्थच हा की तुमच्या मशिनला जी केबल जोडली आहे ती तुमच्या कागदावरची केबल नाही.

जुन्या मशिनला फ्रिक्वेन्सी हाताने शोधावी लागायची. गणित केल्याशिवाय सुरुवात कुठून करायची तेच कळायचं नाही, म्हणून झक मारत करायचो. अकरा वर्षांपूर्वी नवं मशिन आलं. त्याला एक हिरवं बटण. दाबलं की ते स्वतःच वरून खाली फ्रिक्वेन्सी फिरवत जातं आणि रेझोनन्स सापडला की थांबतं. चाळीस सेकंद. कशाला कोण गणित करतंय? पण शीटवर रकाना होता आणि रिकामा रकाना ऑफिसात चालत नाही. मग मशिनचा आकडा दोन्हीकडे. कधी कुणी विचारलं नाही की बाबा, तुमचं गणित दर वेळी दशांशापर्यंत जुळतं कसं काय.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी बटण दाबलं. व्हॅनमध्ये मी आणि ड्रायव्हर, तो माझ्याच वयाचा, माझ्यासोबत बारा वर्षं काढलेला. मशिन थांबलं. चौतीस पूर्णांक नऊ हर्ट्‌झ.

ड्रायव्हर म्हणाला, "मागच्या खेपेला या लाइनला चाळीसच्या जवळपास आलं होतं ना?"

त्याला काय कळतंय, असं मला वाटलं. नाही, खरं सांगतो, वाटलंही नाही, मी तसं बोललो. म्हटलं, मध्ये नवीन तुकडा टाकलाय, दुसऱ्या कंपनीची केबल आहे, फरक पडणारच. तू तुझा चहा पी. तुकडा पाच मीटरचा होता. चार हजार मीटरमध्ये पाच मीटर. मला तेही तेव्हाच माहीत होतं.

सातव्यात चौतीस पूर्णांक नऊ लिहिलं, आठव्यात चौतीस पूर्णांक नऊ लिहिलं आणि व्होल्टेज चढवायला घेतलं.

तिकडे खड्ड्यात डॉक्टर कापलेल्या केबलचं टोक मेगरने तपासत होता, म्हणजे आत ओल वगैरे शिरली नाही ना ते बघत होता. मेगर लावायचा तर केबलचं अर्थिंग, म्हणजे तिला जमिनीशी जोडणारी तार, काढावं लागतं. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या तुकड्यावर तसं करायची परवानगी आहे. त्याचा मेगर शून्य दाखवत होता. दाखवणारच, माझा रिअॅक्टर आणि मशिन त्याच केबलला लागलेलं होतं, त्यातून मेगरचा करंट जमिनीत जात होता. पण त्याला ते कसं कळावं? त्याला वाटलं टोकाला ओल आहे. त्याने काठीने केबल डिस्चार्ज केली, नियमाप्रमाणे. मग टोक पुसायला नवं कापड आणि स्पिरिटची बाटली आणायला तो खड्ड्यातून वर चढून टेम्पोपाशी गेला. हे सगळं नंतर त्याच्या गँगमधल्या माणसाने सांगितलं. म्हणाला, दोनेक मिनिटं गेली असतील, फार तर अडीच. तेवढ्यात मी बटण दाबलं होतं, आकडा लिहिला होता, नॉब फिरवायला लागलो होतो.

बारा हजार व्होल्टला मशिन ट्रिप झालं, आपोआप बंद पडलं.

ट्रिप म्हणजे केबल कुठेतरी फुटली. माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? कालचा जॉइंट गेला. डॉक्टरने माती खाल्ली. आता पुन्हा खणा, पुन्हा बांधा, आठवडा गेला. मी चिडलो. तिथल्या तिथे फोन काढून त्याला लावला, चार शब्द सुनवायला. बराच वेळ वाजला. उचलला त्याच्या गँगमधल्या माणसाने. तो नुसता रडत होता. मी त्याच्यावरही ओरडलो की आधी डॉक्टरला फोन दे.

पुढचे तीन दिवस मी काय केलं मला नीट आठवत नाही. बायको रडली नाही. भाऊ गेला हे तिला मी सांगितलं, तेव्हा तिने गॅस बंद केला आणि चप्पल घातली, एवढं आठवतं.

चौकशी बसली. चौकशीचे साहेब एकेकाळी टेस्टिंगमध्येच होते, माझ्या आधी याच व्हॅनवर, सुरुवातीला मी त्यांच्याच हाताखाली होतो. माणूस वाईट नाही. त्यांनी स्विच उघडून तुटलेली पिन बघितली, ऑपरेटरला सोडलं. माझी शीट बघितली. गणित चौतीस पूर्णांक नऊ, मशिन चौतीस पूर्णांक नऊ. टेस्टिंगवाल्यांना धोका कळायचं काही साधन नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. मग उरलं कोण? पिनेवर खटला भरता येत नाही. मेलेल्या माणसावर येतो. 'जॉइंटरने शेजारच्या पट्ट्यात चाचणी चालू असताना अर्थिंग न लावता उघड्या टोकाला हात लावला, ही त्याची हलगर्जी.'

अहवालाच्या मसुद्याची प्रत आमच्याकडे आली, कारण बहिणीशिवाय त्याचं दुसरं कुणी नव्हतं. बायकोने ती उभ्यानेच वाचली. मग माझ्यासमोर ठेवून म्हणाली, हे खोटं आहे. तो भाजी चिरतानासुद्धा दोनदा फळी पुसायचा. तो गेला, ते मी गिळीन कसंतरी, पण तो निष्काळजी होता असं सरकारी कागदावर मी राहू देणार नाही. तुम्ही तिथेच होतात, तुम्हाला यातलं कळतं. तुम्ही काहीतरी करा.

मी म्हटलं, बघतो.

बघण्यासारखं काय ते मला बटण दाबलं त्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि कागदावर मांडणं यात फरक आहे, आणि मी इतके दिवस पेन्सिल हातात घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये एकटा बसलो आणि मशिनची जुनी नोंद उघडली. मशिन फ्रिक्वेन्सी शोधताना वाटेतली प्रत्येक पायरी आत साठवून ठेवतं. अकरा वर्षांत मी ती कधी उघडली नव्हती.

चार किलोमीटरला येणारी फ्रिक्वेन्सी एकोणचाळीस पूर्णांक आठ. मशिन त्या आकड्यावरून गेलं होतं. तिथे रेझोनन्स असायला हवा होता, म्हणजे व्होल्टेज आणि करंट बरोबरीने चालायला हवे होते, फेज अँगल शून्य आणि इम्पीडन्स, म्हणजे एकूण अडथळा, ऐंशी ओहम. नोंद काय सांगत होती? वीस व्होल्ट दिले, करंट जेमतेम साडेएकवीस मिलिअॅम्पिअर. वीस भागिले साडेएकवीस हजारांश, म्हणजे इम्पीडन्स नऊशे तीसच्या घरात. आणि फेज अँगल पंच्याऐंशी अंश, करंट मागे.

करंट मागे म्हणजे कॉइल जड झाली. कॉइलचा अडथळा त्या फ्रिक्वेन्सीला चार हजार ओहम, तो तर बदलत नाही. मग केबलचा अडथळा कमी पडला. चार हजार हवा होता, तो तीन हजारच्या आसपास होता. केबलचा अडथळा कमी म्हणजे कपॅसिटन्स जास्त. कपॅसिटन्स जास्त म्हणजे केबल लांब. माझ्या थोबाडावर लिहिलेलं होतं सगळं.

मग मी उलटं गणित केलं. चौतीस पूर्णांक नऊला रेझोनन्स यायचा तर कपॅसिटन्स किती हवा? एक पूर्णांक तीन मायक्रोफॅरड. किलोमीटरला पाव मायक्रोफॅरड धरला तर लांबी किती? पाच किलोमीटर दोनशे मीटर. स्विच रूमपासून पुढे एक किलोमीटर दोनशे मीटर. मशिनने मला खड्डा दाखवला होता. दहा-वीस मीटरचा फरक सोडला तर तो कुठे बसलाय ते बोट ठेवून सांगितलं होतं आणि मी तो आकडा दोन रकान्यांत लिहून शेवटी झोकदार सही केली होती.

लाज वाटते सांगायला, पण हे कळल्यावर पहिली गोष्ट मी काय केली, तर व्हॅनचं दार आतून लावून घेतलं, कुणी पाहू नये म्हणून. ही नोंद पुसता येते का तेही मी शोधून पाहिलं. येते. दोन बटणं आहेत.

पुसली नाही. यात माझा काही मोठेपणा नाही. हात वळला नाही, एवढंच.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, सातवा रकाना खोटा आहे. गणित केलेलंच नव्हतं. केलं असतं तर बारा टक्के फरक दिसला असता, मी थांबलो असतो आणि पोरगा वाचला असता. अर्थिंग काढण्यात त्याची काही चूक नाही. केबल वेगळी आहे की नाही हे बघायची जबाबदारी माझी होती.

साहेबांनी उठून दार लावलं. शीट पुन्हा बघितली, जणू आता त्यावर वेगळं काही उमटणार होतं. मग खाली बसले आणि हलक्या आवाजात बोलत राहिले. की गणित आणि मशिन जुळतंय, तुमच्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा नाही. की तुम्ही हे लेखी दिलंत तर अकरा वर्षांतली प्रत्येक शीट बाहेर निघेल, शहरातल्या प्रत्येक केबलची. किती जण त्यात सापडतील, तुम्हाला माहीत आहे. की गेलेला माणूस काही परत येत नाही, आणि तुमच्यावर थेट मृत्यूला कारणीभूत म्हणून केस होईल.

मग म्हणाले, "मीही तसाच भरायचो. नव्या मशिनचं पहिलं वर्ष माझं होतं. तुम्हाला ते मीच शिकवलं."

खरं होतं. त्यांनीच शिकवलं होतं, माझ्या खांद्यावर हात ठेवून, हसत. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला त्यांची दयाच आली. त्यांनी मला उद्या दुपारपर्यंतची मुदत दिली. लेखी आणायचं तर आणा, नाहीतर मसुदा आहे तसा पुढे जाईल. घरी विचार करा म्हणाले.

घरी विचार करण्यासारखी एकच व्यक्ती होती. म्हणूनच तर जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून भावाची कागदपत्रं लावत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. एका दमात नाही सांगता आलं. आधी मशिनचं सांगितलं, मग रिअॅक्टरचं, मग केबल म्हणजे काय ते. ती ऐकत होती. माझ्याशी संसार करून तिला शब्द पाठ आहेत, अर्थ मी कधी सांगितला नव्हता. मध्येच तिने थांबवलं आणि विचारलं की म्हणजे आकडा खाली आला तर तार लांब आहे असं कळतं? म्हटलं हो. नेमकी किती लांब तेही? म्हटलं हो, तेही. आणि तो आकडा तुमच्यासमोर होता? म्हटलं, मी लिहिला तो. दोनदा.

ती हातातल्या कागदाच्या कडा सरळ करत राहिली. मला वाटलं आता ओरडेल. मला ते हवंच होतं, खरं सांगतो. कुणीतरी मला शिव्या घालाव्यात म्हणून मी आठवडाभर तडफडत होतो आणि सगळे माझं सांत्वन करत होते, मेहुणा गेला म्हणून.

तिने विचारलं, "त्या गणिताला किती वेळ लागतो?"

म्हटलं, फार नाही.

"किती?"

मी म्हटलं, मोजला नाही कधी. तिने कागद माझ्यापुढे सरकवला, पेन ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर उताणं ठेवलं. म्हणाली, करा.

मी म्हटलं, अगं, आता काय उपयोग? ती घड्याळाकडे बघत राहिली. मग मी केलं. चार किलोमीटर, किलोमीटरला पाव मायक्रोफॅरड, म्हणजे एक मायक्रोफॅरड. रिअॅक्टर सोळा हेन्री. दोघांचा गुणाकार. त्याचं वर्गमूळ, हजारात चार. त्याला सहा पूर्णांक अठ्ठावीसने गुणलं. एकाला त्याने भागलं. शून्यं मोजताना एकदा चुकलो, खोडलं, पुन्हा केलं. एकोणचाळीस पूर्णांक आठ. शेजारी चौतीस पूर्णांक नऊ लिहिलं. दोघांत पाच हर्ट्‌झचा फरक आहे हे दिसायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

पेन खाली ठेवलं. तिने घड्याळ उचललं.

"एक मिनिट दहा सेकंद," ती म्हणाली. "चुकून, खोडून."

मी पेनला टोपण लावलं.

"तो कापड आणायला वर गेला होता, त्याला किती वेळ लागला म्हणाले ते?"

"दोन मिनिटं. अडीच."

"म्हणजे तो टेम्पोपाशी होता, तोवर तुमचं झालं असतं."

"हो."

मग ती रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने नाही, टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, आणि मी हात पुढे केला तर तिने तो अंगाला लागूही दिला नाही, खुर्ची मागे सरकवली. मी तसाच बसून राहिलो. सत्तावीस वर्षांत तिच्या दुःखात मी पहिल्यांदाच परका होतो आणि ते बरोबरच होतं.

थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, केस नीट केले आणि गणिताचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मी विचारलं, कुठे निघालीस?

"तुमच्या साहेबांकडे. तुम्ही तिथे लिहायला बसाल, तेव्हा मी समोर बसणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही एकटे गेलात तर काय लिहाल, याचा मला भरवसा नाही राहिला."

मला लागलं ते. मी चप्पल घालता घालता म्हटलंसुद्धा, की अगं, मीच तर आपणहून सांगितलं ना तुला. ती जिना उतरायला लागली होती, तिने मागे वळून बघितलं नाही. मी तिच्या मागून उतरलो. आणि उतरताना, खोटं कशाला बोलू, लेखी जबाबातलं पहिलं वाक्य मी मनात जुळवत होतो. त्यात 'प्रचलित पद्धतीनुसार' हे शब्द आधी येत होते आणि 'मी' शेवटी.